टाळी शब्दावर पडते की दोन शब्दांच्या मध्ये?

*मी आमच्या सोसायटीची सचिव आहे, वय ५४. ओला कचरा सुक्यात मिसळला जातोय म्हणून ग्रुपवर लिहिलं, ‘ओला 👏 कचरा 👏 वेगळ्या 👏 डब्यात 👏 टाका 👏’. माझी भाची असं लिहिते, ठसठशीत वाटतं, म्हणून मीही लिहिलं. चौथ्या मजल्यावरच्या ७२ वर्षांच्या काकांनी उत्तर दिलं, ‘अभिनंदन!’ भाचीच्या वयाची एक शेजारीण म्हणाली, छान ठणकावलंत. माझी अकरावीतली मुलगी फोनमध्ये डोकावून म्हणाली, ‘आई, केवढा टोमणा मारलास सगळ्यांना!’ आणि दुसऱ्या मजल्यावरचं एक तरुण जोडपं तेव्हापासून जिन्यात बोलत नाही. मला फक्त जोर द्यायचा होता. यातलं बरोबर कोण? आणि आता मी काय करू?*
*— एक वाचक, सहकारनगर*

ताई, कुणीच चुकीचं वाचलेलं नाही. प्रत्येकाला टाळी वेगळ्या जागी ऐकू आली, एवढंच झालंय. भाचीच्या आणि शेजारणीच्या कानात ती शब्दाबरोबर वाजते. तुमच्या मुलीला ती एक शब्द संपल्यावर आणि दुसरा सुरू होण्याआधी, मधल्या मोकळ्या जागेत ऐकू येते. काकांना ती शब्दांशी जोडलेली वाटतच नाही. ती सत्कारानंतरची टाळी आहे. चिन्ह एकच असूनही हे तीन आवाज कुठून आले ते आधी बघू. ते कळलं की पुढच्या वेळी काय लिहायचं आणि आत्ताचं कसं निस्तरायचं हे ठरवणं सोपं जाईल.

हे चिन्ह २०१० साली युनिकोडच्या सहाव्या आवृत्तीत आलं. त्याचा क्रमांक U+1F44F आणि त्याचा अर्थ सरळ सरळ टाळ्या वाजवणारे हात असा. शब्दांच्या मध्ये ते पेरण्याची पद्धत मात्र फोनमध्ये जन्मली नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या बोलण्यात ती आधीपासून होती. कुणाला एखादी गोष्ट ठासून सांगायची असली की एकेका शब्दावर, कधी एकेका अक्षरावर, टाळी द्यायची. विनोदी कलाकार रॉबिन थीड यांनी २०१६ मध्ये टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात या लकबी उलगडून दाखवल्या, तोवर ट्विटरवर हे लिहिण्यातही उतरलेलं होतं.

आता त्या मूळ लकबीत टाळी कधी वाजते ते नीट पाहा. ‘ऐक माझं’ म्हणताना ‘ऐ’ तोंडातून निघतो त्याच क्षणी हात एकमेकांवर आदळतात. बोलताना हात आपोआप ठेका धरतात, टेबलावर बोट आपटतं, तर्जनी वरखाली होते. हावभावांचा अभ्यास करणाऱ्या डेव्हिड मॅकनील यांनी अशा हालचालींचा वेगळा गटच मानला आहे. या हालचालींना स्वतःचा अर्थ नसतो. ज्या शब्दावर त्या पडतात तो शब्द त्या उचलून धरतात. अंगठा वर केला तर ‘ठीक आहे’ असा अर्थ शब्दांवाचूनही कळतो. ठेक्याच्या हालचालीचं तसं नाही, बोलणं काढून घेतलं तर हात नुसतेच हलताना दिसतील.

अडचण लिहिताना होते. बोलण्यात शब्द आणि टाळी एकाच क्षणी येतात, पण फोनवर दोन गोष्टी एकमेकांवर ठेवता येत नाहीत. एक आधी, एक नंतर असंच टाईप करावं लागतं. म्हणून शब्दावरची टाळी शब्दाच्या शेजारी जाऊन बसली. ज्यांनी ती लकब पाहिली-ऐकली होती, किंवा ती जाणणाऱ्यांचं लिखाण रोज वाचलं होतं, त्यांनी वाचताना टाळी मनातल्या मनात उचलून परत शब्दावर ठेवली. बाकीच्यांनी ती जिथे दिसली तिथेच वाजवली. आणि तिथे वाजवली की काय होतं ते तुम्हीच करून बघा. ‘ओला’ म्हणा, थांबा, एक टाळी वाजवा, थांबा, ‘कचरा’ म्हणा, पुन्हा टाळी. पाच शब्दांच्या वाक्याला आठ-दहा सेकंद लागतील आणि आवाज आपोआप वर्गातल्या वैतागलेल्या बाईंसारखा होईल. आता तेच वाक्य नेहमीच्या वेगाने, प्रत्येक शब्दाच्या पहिल्या अक्षरावर टाळी पाडत म्हणा. तीन सेकंदांत संपेल आणि आवाज घोषणेसारखा, उत्साहाचा येईल. तुमच्या घरात जो वाद झाला तो या दोन वाचनांमधला आहे.

संथ, सुटी सुटी टाळी कुत्सित वाटते याला आपल्याकडेही जुना आधार आहे. भाषण लांबलं की श्रोत्यांनी एका लयीत टाळ्या वाजवायला लागायचं आणि वक्त्याला खाली बसवायचं, हे पुण्यातल्या सभागृहांना आणि कॉलेजच्या गॅदरिंगला नवीन नाही. दाद देणारी टाळी एकदम उसळते, एकमेकांत मिसळते, तिची लय मोजता येत नाही. टर उडवणारी टाळी मोजून, अंतर राखून वाजते. तुमच्या संदेशात दोन टाळ्यांमध्ये एकेक शब्द आहे, म्हणजे अंतर अगदी सारखं. ज्याच्या कानाने ती मधल्या जागेत ऐकली, त्याला ती खिल्लीची वाटणारच.

मग वयाचा संबंध कुठे येतो? थेट वयाशी नाही, हे चिन्ह पहिल्यांदा कुठे भेटलं त्याच्याशी. आज तिशी-पस्तिशीत असलेली, इंग्रजी ट्विटर वाचत कॉलेज केलेली माणसं २०१४ ते २०१६ च्या आसपास तिथे होती. तेव्हा ही टाळी हक्कांबद्दल पोटतिडकीने लिहिणाऱ्यांच्या वाक्यांत दिसायची. त्यांच्या मनात तिचा सूर ‘मी हे मनापासून सांगतेय’ असा बसला. तुमची भाची बहुधा त्यातली.

पुढच्या दोन-तीन वर्षांत ती सगळीकडे पसरली. कंपन्यांच्या जाहिरातींत आली, राजकारण्यांच्या पोस्टमध्ये आली, आणि जे कुणी दुसऱ्यांना शहाणपण शिकवतात त्यांची नक्कल करायची झाली की हेच शब्द-टाळी-शब्द वापरायचं असं ठरूनच गेलं. तुमची मुलगी तेव्हा प्राथमिक शाळेत होती. तिच्या हातात फोन आला तोवर मूळ वाक्यं मागे पडली होती आणि समोर होती ती मीम्समधली नक्कल. तिने ही टाळी गंभीरपणे वापरलेली क्वचितच पाहिली असेल. पाहिली ती उपदेश करणाऱ्याची टिंगल म्हणून. म्हणून तिला टोमणा ऐकू येतो, आणि तो तिने कल्पनेतून काढलेला नाही. तिच्या पिढीच्या लिखाणात तो खरोखर आहे.

काकांचा रस्ता तिसराच. साठी-सत्तरीतल्या बहुतेकांना हे चिन्ह व्हॉट्सॲपवर भेटलं, तेही नातवाच्या दहावीच्या निकालाखाली, कुणाच्या एकसष्टीच्या फोटोखाली, 👏👏👏💐💐 अशा ओळीत. तिथे टाळी वाक्याच्या शेवटी येते, जोडीला फुलं असतात आणि अर्थ कायम एकच, कौतुक. तुमच्या संदेशात त्यांना पाच टाळ्या दिसल्या. बारीक अक्षरं वाचायचा कंटाळा आला असेल, ‘कचरा’ आणि टाळ्या एवढंच नजरेत भरलं असेल, आणि सोसायटीला कचऱ्याबद्दल एखादं बक्षीस मिळालं असावं असं त्यांना वाटलं असेल. त्यांच्या अनुभवात टाळी येण्याचं दुसरं काही कारणच नाही.

यावरून एक सावधगिरी लक्षात घ्या. वय विचारून अर्थ ओळखता येत नाही. २० वर्षांचा मुलगा फक्त मराठी रील्स आणि घरच्या ग्रुपात वावरत असेल तर तो काकांसारखंच वाचेल. ६५ वर्षांचे निवृत्त प्राध्यापक दहा वर्षं ट्विटरवर असतील तर ते तुमच्या भाचीच्या बाजूने बोलतील. वयावरून अंदाज बांधता येतो तो एवढ्यासाठीच, की एका वयाची माणसं साधारण एकाच सुमारास एकाच ठिकाणी इंटरनेटवर आली. सोसायटीच्या ग्रुपात तिन्ही तऱ्हेची माणसं एकत्र असतात आणि तुम्हाला कुणाचाच इतिहास माहीत नसतो. म्हणून भाचीच्या मैत्रिणींच्या ग्रुपात जे खपतं ते इथे खपत नाही.

आता मराठीकडे येऊ, कारण ही टाळी इंग्रजीत जेवढी बसते तेवढी मराठीत बसत नाही. इंग्रजी बोलणारा माणूस जोर द्यायचा शब्द आवाजाने उचलतो, लिहिताना तो आवाज हरवतो, म्हणून त्याला टाळीसारखं काहीतरी लागतं. आपल्याकडे जोर लिखाणातच असतो. ‘च’ आहे, ‘तर’ आहे, ‘सुद्धा’ आहे, आणि महत्त्वाचा शब्द क्रियापदाच्या लगेच आधी आणायची सोय आहे. तुमचंच वाक्य घ्या. ‘ओलाच कचरा वेगळ्या डब्यात टाका’ म्हटलं तर अर्थ होतो, सुका त्यात नको. ‘ओला कचरा वेगळ्याच डब्यात टाका’ म्हटलं तर अर्थ होतो, एकाच डब्यात सगळं कोंबू नका. एक ‘च’ हलवला आणि तक्रार बदलली. तुमची तक्रार दुसरी आहे, पण पाच टाळ्यांनी ती कळत नाही, कारण प्रत्येक शब्दाला सारखंच वजन मिळालं.

तबल्याच्या क्लासला गेलेल्या कुणालाही विचारा. तीनतालात मात्रा १६, पण टाळी फक्त पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला, आणि नवव्या मात्रेला खाली. मधल्या मात्रा बोटांवर मोजतात. सोळाच्या सोळा मात्रांवर टाळी दिली तर सम कुठे आहे ते ऐकणाऱ्याला कळणार नाही.

तुमच्या वाक्यात तेच झालं. कुठला शब्द महत्त्वाचा हे कळेना, तेव्हा वाचणाऱ्याने जोर कशावर आहे हे शोधायचं सोडलं आणि लिहिणारीचा मूड काय आहे हे शोधायला लागला. ‘टाका’ या क्रियापदावर, तेही आज्ञार्थी क्रियापदावर, शेवटची टाळी पडली आणि मूड ठरून गेला: ‘कितीदा सांगायचं तुम्हाला?’ आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे शेवटची टाळी नेहमी हुकमावरच पडते. हा धोका इंग्रजीत कमी आहे, तिथे हुकूम वाक्याच्या सुरुवातीला असतो आणि शेवटची टाळी एखाद्या नामावर जाते.

टोमणा ऐकू येण्यामागे आणखी एक कारण आहे आणि माझ्या मते त्या तरुण जोडप्याच्या बाबतीत ते सगळ्यात मोठं आहे. जी गोष्ट वाचणाऱ्याला आधीच माहीत आहे ती ठासून सांगितली की ती अपमानासारखी लागते. ‘उद्या 👏 पाणी 👏 येणार 👏 नाही’ असं लिहिलं असतंत तर कदाचित कुणी दुखावलं नसतं, कारण ती बातमी आहे. ओला कचरा वेगळा ठेवायचा हे पुण्यात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. माहीत असलेली गोष्ट एकेका शब्दावर थांबून सांगणं म्हणजे ‘तुम्हाला एवढंही कळत नाही’ असं न बोलता सांगणं. त्यात दुसऱ्या मजल्यावरचे दोघे खरोखर कचरा मिसळत असतील तर त्यांना वाटलं असेल की नाव न घेता आपल्यालाच सुनावलं. आणि मिसळत नसतील तर विनाकारण ऐकून घ्यावं लागलं म्हणून राग आला असेल. शिवाय पुण्यात सूचना म्हटली की वाचणारा आधीच टोमणा शोधतो. दारावरच्या आणि दुकानातल्या पाट्यांनी ती सवय पिढ्यान्‌पिढ्या लावलेली आहे. अशा गावात सूचना लिहिणाऱ्याने दुसऱ्या शहरातल्यापेक्षा थोडं जास्तच साधं लिहावं.

पुढच्या वेळी संदेश पाठवण्याआधी तो दोनदा मोठ्याने वाचा, एकदा टाळी शब्दावर पाडून, एकदा मधल्या जागेत वाजवून. दोन्ही वेळा सूर तुम्हाला हवा तसाच राहिला तर खुशाल पाठवा. ‘आपली 👏 सोसायटी 👏 पहिली 👏 आली 👏’ हे वाक्य या परीक्षेत पास होतं. काकांना कौतुक दिसेल, शेजारणीला जोर दिसेल, मुलीला फार तर जुनाट वाटेल, पण लागणार कुणालाच नाही, कारण बातमी चांगली आहे आणि हुकूम कुणालाच नाही. सूचना, आठवण, थकबाकी, पार्किंग, कचरा, यातलं एकही वाक्य मात्र पास होत नाही. तिथे टाळी वापरूच नका.

जोर हवा असेल तर व्हॉट्सॲपवर ठळक अक्षरांची सोय आहे. शब्दांच्या दोन्ही बाजूंना तारे टाकायचे, असे: `*ओला कचरा वेगळ्याच डब्यात*`. तारे अक्षराला चिकटून हवेत. तारा आणि अक्षर यांच्यात जागा राहिली तर शब्द ठळक होत नाही, नुसते तारे दिसतात. मराठीत आणखी एक चूक हमखास होते. शब्दाला तारे लावून झाल्यावर ‘च’ किंवा ‘ला’ बाहेर जोडला जातो, `*डब्यात*च` असा, आणि मग सगळंच फसतं. प्रत्ययासकट पूर्ण शब्द ताऱ्यांच्या आत घ्या. एका संदेशात एकच ओळ ठळक करा. सगळंच ठळक केलंत तर पुन्हा तीच सोळा टाळ्यांची गत.

तुमचा संदेश आम्ही असा लिहिला असता:

> *ओला कचरा वेगळ्याच डब्यात टाकूया.*
> सध्या भाजीची देठं आणि उरलेलं अन्न कागद-प्लॅस्टिकमध्ये मिसळून येतंय. कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना ते हाताने वेगळं करावं लागतं, आणि भिजलेला कागद भंगारातही जात नाही. उद्यापासून हिरव्या डब्यात फक्त ओला कचरा. कुणाला डबा कमी पडत असेल तर मला फोन करा.

यात काय काय बदललं ते बघा. ‘टाका’चं ‘टाकूया’ झालं, म्हणजे सांगणारीही त्यात आली. ‘च’ योग्य शब्दाला लागला. आणि मुख्य म्हणजे वाचणाऱ्याला माहीत नसलेली एक गोष्ट आली, मिसळल्याने नेमकं कुणाचं आणि काय नुकसान होतं ही. मघाशी म्हटलं तसं, माहीत असलेलं ठासून सांगितलं की लागतं. नवीन काही सांगितलं की तेच वाक्य माहिती होतं. हा संदेश ग्रुपच्या वर पिन करून ठेवा. २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस असे पर्याय मिळतात. कचऱ्यासाठी ७ दिवस पुरेत, महिनाभर डोक्यावर राहिला तर तो पुन्हा बोचायला लागेल.

टाळी टाळण्याचं आणखी एक कारण असं आहे, जे कुणीच उघड बोलत नाही. तुमच्या सोसायटीत ज्यांना दिसत नाही किंवा फार कमी दिसतं असं कुणी असेल तर त्यांचा फोन संदेश मोठ्याने वाचून दाखवतो. तो फोन प्रत्येक चिन्हाचं नाव उच्चारतो. म्हणजे तुमच्या पाच शब्दांच्या मध्ये पाच वेळा ‘टाळ्या वाजवणारे हात’ अशा अर्थाचं काहीतरी ऐकू येतं, बऱ्याचदा इंग्रजीत, आणि मूळ वाक्य त्यात हरवून जातं. शेवटी एकदाच टाकलेलं चिन्ह त्यांना फारसा त्रास देत नाही.

आता झालेल्या गोष्टीचं. पाठवलेला संदेश दुरुस्त करायला व्हॉट्सॲप १५ मिनिटं देतं, ती वेळ तुमची केव्हाच टळली आहे. पुढच्यासाठी एवढं ध्यानात ठेवा की दुरुस्ती केली तर संदेशाखाली तशी खूण राहते, आणि लोकांना नव्याने नोटिफिकेशन जात नाही. त्यामुळे ज्यांनी आधीच वाचलंय त्यांना बदल कळतोच असं नाही. सगळ्यांसाठी पुसून टाकायला साधारण अडीच दिवस मिळतात, पण ते करू नका. जागी ‘संदेश पुसला’ अशी ओळ राहते आणि ज्यांनी वाचला नव्हता तेही विचारायला लागतात की काय लिहिलं होतं. जुना संदेश तसाच राहू द्या आणि वरचा नवा संदेश स्वतंत्र पाठवा. त्यात जुन्याचा उल्लेख नको, खुलासा नको, ‘माझा तसा हेतू नव्हता’ हे वाक्य तर नकोच. चाळीस घरांच्या ग्रुपात खुलासा केला की ज्या पस्तीस घरांनी लक्षच दिलं नव्हतं तीही मागे जाऊन वाचतात.

दुसऱ्या मजल्यावरच्या दोघांशी मात्र समोरासमोर बोला. हेही लिहून केलंत तर सूर पुन्हा वाचणाऱ्याच्या हातात जाईल, आणि सगळा घोळ सुराचाच आहे. घरी जा किंवा फोन करा. ‘तुम्हाला राग आला का?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ‘छे छे’ असंच येतं. सरळ सांगा, ‘त्या दिवशीचा कचऱ्याचा मेसेज मी वेगळ्या सुरात लिहिला होता आणि तो वेगळ्याच सुरात वाचला गेला. घरी मुलीने दाखवून दिलं. तुमच्याबद्दल नव्हता.’ दोघं तरुण आहेत म्हणता, म्हणजे मुलीने जे ऐकलं तेच त्यांनीही ऐकलं असण्याची शक्यता बरीच आहे, आणि ‘मुलीने दाखवलं’ एवढ्यावर त्यांना सगळं समजेल. ते खरोखर कचरा मिसळत असतील तर तो विषय त्याच भेटीत काढू नका. आठवडाभराने काढा.

मुलीकडून एक काम करून घ्या. ग्रुपवर सूचना टाकण्याआधी तिला वाचायला द्या, पण ‘हे टोमण्यासारखं वाटतंय का?’ असं विचारू नका. तसं विचारलं की माणूस शोधायला लागतो आणि त्याला ते सापडतं. ‘हे वाचून मी कशी दिसतेय, रागावलेली, घाईत की नेहमीसारखी?’ असं विचारा. ती ‘रागावलेली’ म्हणाली तर तिला विचारा, नेमक्या कुठल्या शब्दावर वाटलं. ती बोट ठेवेल तो शब्द बदला, अख्खा संदेश बदलायची गरज पडत नाही. आणि तेच वाक्य काकांच्या वयाच्या एखाद्या माणसालाही ऐकवा, कारण मुलीला जे साधं वाटतं ते त्यांना तुटक वाटू शकतं. भाचीला मात्र यासाठी विचारू नका. तिचा आणि तुमचा कान एकाच ठिकाणी घडलेला आहे, तिला चूक ऐकूच येणार नाही.

आणि काकांचं. त्यांच्या ‘अभिनंदन’ला ग्रुपवर दुरुस्ती देऊ नका. त्यांनी प्रेमाने लिहिलंय आणि चारचौघांत चुकलेलं दाखवलं तर ते पुढचे सहा महिने काहीच लिहिणार नाहीत. नवा संदेश टाकल्यावर त्यांना एकट्यांना फोन करा आणि सांगा की हिरव्या डब्यात फक्त ओला कचरा टाकायचाय, खालच्या दोन मजल्यांना तुम्हीच जरा समजावाल का. ते आनंदाने समजावतील.